नवख्यांसाठी पाच दिवसांची सायकल सहल: सीटच्या उंचीपासून शेवटच्या मुक्कामापर्यंत

पहिल्या सायकल सहलीचा बेत बहुतेक वेळा नकाशावर बोट ठेवून आखला जातो. दोन गावांमधलं अंतर चाळीस किलोमीटर दिसतं, 'तीन तासांत सहज होईल' असं वाटतं आणि मुक्काम ठरून जातो. पहिला दिवस निभावतोही. बिघडायला लागतं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसणंच नकोसं होतं. सवय नसलेल्या श्रमाचं अंग सर्वांत जास्त दुखतं ते एक ते तीन दिवसांनी, आणि पाच दिवसांच्या सहलीत हा काळ बरोब्बर मधोमध येतो. म्हणून 'एका दिवसात किती जमेल' या प्रश्नाचं उत्तर इथे उपयोगाचं नाही. 'काल चालवल्यावर आज किती जमेल' हे आधी घरीच मोजून घ्यावं लागतं.

पुढचा सगळा क्रम अशा माणसासाठी आहे, ज्याला पाऊण तास भरभर चालता येतं, सायकल येते, पण गेल्या काही वर्षांत नियमित चालवलेली नाही. हातात आठ आठवडे हवेत. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल, तर पहिल्या टप्प्याच्याही आधी डॉक्टरांना विचारा.

टप्पा 1: सायकल अंगाला बसवून घ्या (आठ आठवडे आधी)

सराव आधी सुरू करून दुखायला लागल्यावर सीट हलवणं ही उलटी गंगा आहे. सीट चुकीच्या उंचीवर असताना केलेला सराव गुडघ्याला दुखापत देऊन जातो, आणि मग सहल पुढे ढकलावी लागते.

उंची ठरवायची सोपी रीत अशी. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा आणि टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली न्या. टाच टेकलेली असताना पाय पूर्ण सरळ व्हायला हवा. आता पायाच्या बोटांमागचा रुंद भाग पेडलवर ठेवला की गुडघा आपोआप थोडासा वाकतो. एवढाच वाक हवा. तपासण्यासाठी कुणाला तरी मागून बघायला सांगा: पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे झुलत असेल, तर सीट जास्त उंच आहे.

बहुतेक नवखे सीट फार खाली ठेवतात, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे असतात. खाली ठेवलेल्या सीटमुळे गुडघा प्रत्येक फेरीत गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखू लागतं. त्याऐवजी थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय लावा. दोन दिवसांत ती अंगवळणी पडते.

सीट जमिनीला समांतर असू द्या. टोचतं म्हणून तिचं नाक खाली झुकवण्याचा मोह होतो. पण मग शरीर सतत पुढे घसरतं, ते रोखायला हातांवर भार येतो, आणि तासाभरात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. दुखणं बैठकीचं असतं, भोगतो तळहात.

उंची जमली की पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात, त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या भागापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा. सहलीसाठी भाड्याची सायकल घेणार असाल, तर हाच आकडा तिथे कामाला येतो.

सायकल निवडायची असेल तर दोनच गोष्टी नीट बघा. पहिली, टायरची रुंदी. 35 ते 45 मिलिमीटरचा टायर खडबडीत गावरस्त्यावर हात आणि पाठ वाचवतो. दुसरी, सर्वांत हलका गिअर. पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चक्राच्या दातांइतके किंवा त्याहून कमी असावेत. पुढे 30 आणि मागे 34 असेल, तर सामानासह साध्या चढावर उतरून ढकलायची वेळ सहसा येत नाही.

*इशारा:* सहलीच्या आधीच्या आठवड्यात सीट, हँडल किंवा बूट यांत काहीही बदलू नका. नवी गादी असलेली सायकलची चड्डीसुद्धा आधी तीन-चार वेळा वापरून झालेली हवी. ती आत दुसरं काही न घालता वापरायची असते. आतल्या कापडाच्या शिवणीच मांड्या सोलतात.

टप्पा 2: सराव आणि जोडदिवसाची चाचणी

पहिले तीन आठवडे, आठवड्यातून तीनदा, 40 ते 60 मिनिटं चालवा. वेग महत्त्वाचा नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच जोर लावा. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर तुम्ही सहलीच्या गतीने चालवत नाही आहात.

याच काळात पाय हलका आणि भरभर फिरवायला शिका. नवखे जड गिअर लावून रेटत राहतात, कारण तसं चालवताना जोर लागतोय असं वाटतं. मिनिटाला 70 ते 80 फेऱ्या हे चांगलं लक्ष्य आहे. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा. 18 ते 20 आलं की झालं. 14-15 वर अडकत असाल, तर एक गिअर हलका करा.

चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात एक फेरी दीड ते दोन तासांपर्यंत वाढवा. सहाव्या आठवड्यात चाचणी घ्या. सलग दोन दिवस, बऱ्यापैकी सपाट रस्त्यावर, सहलीचं सगळं सामान लादून चालवायचं. दोन आकडे टिपायचे: किती अंतर झालं, आणि सायकल प्रत्यक्ष चालू असलेला वेळ किती होता.

एक उदाहरण शेवटपर्यंत बरोबर ठेवू. समजा चाचणीत पहिल्या दिवशी 2 तास 15 मिनिटांत 29 किलोमीटर झाले आणि दुसऱ्या दिवशी 1 तास 50 मिनिटांत 24. दोन्ही दिवशी वेग ताशी सुमारे 13 किलोमीटर आला. हा या माणसाचा खरा वेग. दुसऱ्या दिवशी वेग दहाव्या हिश्शापेक्षा जास्त घसरला असता, तर पहिल्या दिवसाचा आकडा बाजूला ठेवून दुसऱ्या दिवसाचाच धरायचा.

रोजची मर्यादाही याच चाचणीतून निघते. सहलीतला सर्वांत मोठा दिवस चाचणीतल्या मोठ्या फेरीच्या सव्वापटीपलीकडे जाऊ देऊ नका. 2 तास 15 मिनिटांची सव्वापट म्हणजे सुमारे 2 तास 50 मिनिटं. ही वेळ सीटवरची आहे. थांबे, जेवण, फोटो यात धरलेले नाहीत.

*तपासणी:* दुसऱ्या दिवशी सीटवर बसताना पहिली पाच मिनिटं टोचणं साहजिक आहे. वीस मिनिटांनंतरही टोचत असेल, तर टप्पा 1 पुन्हा करा. त्यानेही फरक पडला नाही, तर सीट बदला. फार मऊ सीट सहसा उपाय ठरत नाही. बसण्याची हाडं तिच्यात रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो.

टप्पा 3: रस्ता तासांत मोजा

नकाशावरचं अंतर घ्या आणि त्यावर तीन दुरुस्त्या करा.

पहिली चढाची. नकाशा दाखवणाऱ्या बहुतेक अ‍ॅपमध्ये त्या वाटेवर एकूण किती मीटर चढ आहे ते दिसतं. दर 100 मीटर चढाला 10 मिनिटं वाढवा. उतारावर वेळ परत मिळेल असं धरू नका, कारण नवखा माणूस उतारावर ब्रेक लावतच येतो.

दुसरी रस्त्याच्या पृष्ठभागाची. खडी किंवा मातीच्या रस्त्यावर वेग तिसऱ्या हिश्शाने कमी धरा. 13 चा 9 होतो. उपग्रहाच्या छायाचित्रात रस्त्याचा रंग आणि कडा बघितल्या की डांबर आहे की माती, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

तिसरी वाऱ्याची, आणि ती मिनिटांत मांडता येत नाही. उघड्या माळावर समोरचा वारा छोट्या चढाइतकाच थकवतो. फरक एवढाच की चढ संपतो. जमीन तापत गेली की वारा सहसा वाढतो, म्हणून उघडा पट्टा सकाळच्या वाट्याला यावा. सुटण्याची आणि परतण्याची जागा एकच असेल, तर नेहमीच्या वाऱ्याची दिशा बघून फेरी अशी फिरवा की शेवटच्या दिवसांत तो पाठीवर राहील.

आता उदाहरणातला चौथा दिवस बघा. नकाशावर मुक्काम 38 किलोमीटरवर होता. त्यातले 6 किलोमीटर खडीचे आणि एकूण चढ 350 मीटर. नुसत्या अंतराच्या हिशेबाने तीन तासांच्या आत. प्रत्यक्ष मांडणी अशी होते: डांबरी 32 किलोमीटर, 2 तास 28 मिनिटं. खडीचे 6 किलोमीटर, 40 मिनिटं. चढाची 35 मिनिटं. बेरीज 3 तास 43 मिनिटं. मर्यादेपेक्षा जवळजवळ तासभर जास्त, तेही चौथ्या दिवशी.

इथे 'जरा जोर लावू' हे उत्तर नाही. मुक्काम अलीकडच्या गावात घेतला, खडीचा तुकडा टाळणारी वाट धरली, आणि दिवस 32 किलोमीटर व 150 मीटर चढावर आला. म्हणजे 2 तास 43 मिनिटं. पाच दिवसांचा पूर्ण बेत असा बसला:

- पहिला दिवस: 22 किलोमीटर, 120 मीटर चढ, सुमारे 1 तास 55 मिनिटं
- दुसरा दिवस: 28 किलोमीटर, 200 मीटर चढ, सुमारे 2 तास 30 मिनिटं
- तिसरा दिवस: 16 किलोमीटर, 80 मीटर चढ, सुमारे 1 तास 20 मिनिटं
- चौथा दिवस: 32 किलोमीटर, 150 मीटर चढ, सुमारे 2 तास 45 मिनिटं
- पाचवा दिवस: 20 किलोमीटर, 100 मीटर चढ, सुमारे 1 तास 40 मिनिटं

तिसरा दिवस मुद्दाम छोटा आहे, कारण अंग सर्वांत जास्त दुखतं ते त्याच सुमारास. त्या दिवशी पूर्ण विश्रांती घ्यावी असं वाटतं, पण तासभर हलकी सायकल चालवली की आखडलेल्या मांड्या बऱ्याचदा झोपून राहण्यापेक्षा लवकर सुटतात. पहिला दिवसही छोटा आहे, कारण त्या दिवशी प्रवास करून यायचं असतं, सामान बांधायचं असतं आणि निघायला हमखास उशीर होतो.

*इशारा:* प्रत्येक दिवसाच्या मध्याजवळ सुटकेची एक जागा ठरवून ठेवा. जिथून सायकलसह वाहन मिळेल, किंवा वेळ पडल्यास राहता येईल, अशी. सायकल गाडीत घेतात का आणि कोणत्या वेळी घेतात, हे निघण्याआधी विचारून घ्या. रस्त्यात उभं राहून विचारायची ही गोष्ट नाही. नकाशेही फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण गावरस्त्यांवर नेटवर्क जातं.

टप्पा 4: थांबे कुठे आणि कधी

बघण्यासारख्या जागांची यादी आधी आणि रस्ता नंतर, असं केलं की दिवसात सहा थांबे शिरतात आणि संध्याकाळी अंधारात चालवायची वेळ येते. रोज एक मोठा थांबा आणि दोन छोटे पुरेत.

मोठा थांबा दिवसाच्या अंतराच्या दोन-तृतीयांशावर घ्या. अर्ध्यावर घेतला तर तासभर बसून आखडलेल्या पायांनी पुन्हा तितकंच अंतर कापायचं राहतं. दोन-तृतीयांशावर घेतला की उरलेला तुकडा लहान असतो आणि मनालाही तो लहानच वाटतो.

जागा निवडताना चार गोष्टी बघा. ती वाटेपासून किलोमीटरभराच्या आत असावी. ती उताराच्या तळाशी नसावी, कारण धबधबा बघून परत वर यायला लागणारा चढ हिशेबात धरलेला नसतो. सायकल नजरेसमोर किंवा कुलूप लावून ठेवता यावी. आणि आत शिरल्यावर फार पायऱ्या चढाव्या लागू नयेत. ही शेवटची अट हमखास विसरली जाते. उंच मनोऱ्याच्या तीनशे पायऱ्या मांडीच्या त्याच स्नायूंना लागतात, ज्यांच्या जोरावर उरलेली सायकल चालवायची असते. मनोरा बघायचाच असेल तर तो तिसऱ्या दिवशी, मुक्कामाला पोहोचून जेवण झाल्यावर ठेवा.

पाणवठा, जुना पूल, एखाद्या कारागिराची कार्यशाळा, छोटं संग्रहालय, बाजार भरणारं गाव, फळबाग अशा जागा सायकलवाल्याला सोयीच्या पडतात. बसायला मिळतं, सावली असते आणि पायांना काम पडत नाही.

सुटण्याची वेळ थांब्यावरून उलटी मोजत या. चौथ्या दिवशी 21 व्या किलोमीटरवर एक संग्रहालय आहे आणि ते 10 वाजता उघडतं असं धरू. 8 वाजता निघालं की 10 किलोमीटरवर 8:50 ला पहिला छोटा थांबा, दहा मिनिटांचा. तिथून 11 किलोमीटर आणि दिवसाचा मुख्य चढ मिळून तासभर लागतो, म्हणजे 10 ला दारात. दीड तास तिथे. 11:30 ला निघून उरलेले 11 किलोमीटर, वाटेत हवं तर पाच मिनिटं पाणी, आणि साडेबाराच्या सुमारास मुक्काम. उन्हाळ्यात हे सगळं दोन तास आधी सरकवावं लागतं. मग संग्रहालयाऐवजी केव्हाही उघडी असलेली जागा शोधा. थांब्याच्या हट्टापायी दुपारच्या उन्हात चालवू नका.

*तपासणी:* थांब्याचा साप्ताहिक सुट्टीचा वार बघितलात का? पाच दिवसांच्या सहलीत एखादी जागा नेमकी बंद असण्याची शक्यता चांगलीच असते.

टप्पा 5: सामान

सामान पाठीवर नको. पाठपिशवीचं वजन शेवटी सीटवर आणि खांद्यांवरच येतं, आणि पाठ घामाने भिजते ती वेगळी. मागच्या कॅरिअरच्या दोन बाजूंना लटकणाऱ्या दोन पिशव्या, दोन्हींत सारखं वजन, जड वस्तू तळाशी. मुक्काम छपराखाली असेल तर एकूण 6 ते 8 किलोत भागतं. चालवायचे कपडे दोन जोड, मुक्कामाचा एक, पावसाचं जॅकेट, हलक्या चपला, औषधं, चार्जर, अवजारं. चालवायचे कपडे रोज संध्याकाळी धुवायचे असतात, म्हणून दोन जोड पुरतात.

पिशव्या लावून झाल्यावर पेडल उलटं फिरवून बघा. टाच पिशवीला घासत असेल तर पिशवी थोडी मागे सरकवा. लोंबणारे पट्टे कापा किंवा बांधून टाका. ते चाकाच्या तारांत गेले तर चाक जागेवर अडकतं.

हवा भरताना टायरच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेत राहा. मागच्या चाकावर तुमच्या वजनाचा मोठा हिस्सा आणि शिवाय सामान असतं, म्हणून त्यात पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा. साधारण 40 मिलिमीटरच्या टायरला पुढे 45 आणि मागे 55 पीएसआयपासून सुरुवात करून बघा, मर्यादा परवानगी देत असेल तर.

टप्पा 6: पंक्चर घरीच काढून बघा

अवजारं घेतली म्हणजे पंक्चर काढता येतं असं नाही. निघण्याआधी मागचं चाक दोनदा काढून घाला. पहिल्या वेळी अर्धा तास लागेल. तो घरी लागू द्या.

सोबत दोन ट्यूब, पॅचचा डबा, टायर काढायच्या दोन-तीन लिव्हर, तुमच्या व्हॉल्वला बसणारा पंप आणि 4, 5, 6 मिलिमीटरच्या अॅलन चाव्या असलेलं घडीचं अवजार हवं. व्हॉल्व दोन प्रकारचे सर्रास आढळतात, बारीक आणि जाड. पंप दुसऱ्याच प्रकारचा निघतो ही तक्रार नवी नाही.

क्रम असा. साखळी मागच्या सर्वांत लहान चक्रावर आणा, मग चाक सहज निघतं. चाकाच्या कडेवर दाबणारा ब्रेक असेल तर तो सैल करा. उरलेली हवा पूर्ण काढा. व्हॉल्वच्या समोरच्या बाजूने लिव्हर घालून टायरची एक कड बाहेर काढा आणि ट्यूब ओढून घ्या. तिच्यात हवा भरून भोक शोधा. मग टायरच्या आतून कापडाने सावकाश चाचपत पूर्ण फेरी मारा आणि काटा किंवा काच काढून टाका. नव्या ट्यूबमध्ये ती गोल होईल इतकीच हवा भरा, ती आत बसवा आणि टायरची कड हाताने चढवत शेवटी व्हॉल्वपाशी संपवा. लिव्हरने चढवली तर नवी ट्यूब चिमटीत सापडून फाटते. व्हॉल्व एकदा आत दाबून सोडा, ट्यूब कुठे कडेखाली अडकली नाही ना ते दोन्ही बाजूंनी बघा, आणि मगच पूर्ण हवा भरा.

भोक बघून कारणही कळतं. एकच बारीक भोक असेल तर काटा. शेजारी शेजारी दोन छेद असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिरडली. काटा काढायचा राहिला असेल तर दहा मिनिटांत त्याच जागी पुन्हा पंक्चर होतं.

टप्पा 7: रस्त्यावरचा दिवस

निघण्याआधी दोन मिनिटांची तपासणी: दोन्ही टायर अंगठ्याने दाबा, दोन्ही ब्रेक ओढून सायकल पुढे ढकला, चाकं घट्ट आहेत का बघा, पिशव्यांचे हूक बघा. हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि घंटी लागतेच.

पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू. ताज्या पायांना सगळं सोपं वाटतं, आणि त्या वीस मिनिटांतली घाई शेवटच्या तासात वसूल होते.

पाणी तासाला सुमारे अर्धा लिटर, उन्हात पाऊण लिटरपर्यंत. ते दर दहा-पंधरा मिनिटांनी घोट घोट घ्या. उन्हात दोन तासांहून जास्त चालणार असेल, तर एका बाटलीत क्षार-साखरेचं पाणी ठेवा. नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं मीठ पातळ होतं. खाणं पहिल्या तासाच्या शेवटी सुरू करा, भुकेची वाट बघू नका. तासाला एक केळं किंवा तेवढ्याच पिष्टाचं काहीही या गतीला पुरतं. मोठ्या थांब्यावर पोटभर जेवलात तर पुढच्या तुकड्यात सायकल आणि जेवण दोन्ही जड होतात. भरपेट जेवण मुक्कामावर करा.

चढावर गिअर चढ सुरू होण्याआधी हलका करा. चढात अडकल्यावर जोर लावून बदलला तर साखळी कडकडते, कधी उतरते. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. थोडा वेळ दोन्ही ब्रेक दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. धरून ठेवल्याने ब्रेक आणि चाकाची कड तापते आणि पकड कमी होते. वेग वळणाआधी कमी करा, वळणात नाही. सामान लादलेली सायकल रिकाम्या सायकलीपेक्षा उशिरा थांबते, हे चाचणीच्या दिवशीच अनुभवून ठेवा.

दोघं-चौघं असाल तर सर्वांत हळू माणूस पुढे. तो मागे राहिला तर पुढचे त्याची वाट बघत विश्रांती घेतात, आणि तो पोहोचला की लगेच निघतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही.

*इशारा:* छातीत दुखणं किंवा दडपण, चक्कर, गोंधळल्यासारखं होणं, कडक उन्हात घाम अचानक थांबणं, यांपैकी काहीही झालं तर सायकल थांबवा, सावलीत बसा आणि मदत बोलवा. 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' ही तडजोड इथे चालत नाही.

टप्पा 8: मुक्कामावर, आणि दुखलं तर काय

पोहोचल्यावर क्रम ठरलेला ठेवा: आधी अंघोळ किंवा निदान मांड्या आणि बैठक धुऊन कोरडी करणं, मग कपडे धुणं, मग जेवण. घामेजलेल्या चड्डीत तासभर गप्पा मारल्या की दुसऱ्या दिवशी पुरळ आणि सोलवटणं ठरलेलं. जिथे घासतं तिथे सकाळी निघताना वंगणासारखं मलम लावा.

मग साखळीवर एक नजर टाका. दिवसभर धूळ बसली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर तेलाचा थेंब सोडा आणि वरचं तेल पुसून टाका. साखळी ओली दिसेपर्यंत तेल घातलं तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर धुळीचा लेप बसतो.

दुखणं ओळखायला शिका. दोन्ही मांड्या सारख्या जड असतील आणि चालू लागल्यावर हलक्या होत असतील, तर ते साधं श्रमाचं दुखणं आहे. सकाळी पहिला अर्धा तास हळू चालवा, बाकी बेत तसाच. गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर सीट अर्धा सेंटिमीटर वर आणि गिअर हलका. गुडघ्यामागे ओढ बसत असेल तर सीट तितकीच खाली. आधीच्या टप्प्यात सीट हलवू नका म्हटलं होतं. हा त्याला एकमेव अपवाद, आणि तोही एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरपुरता. एकाच सांध्यात टोचरं दुखणं असेल, सूज असेल किंवा चालवताना ते वाढतच जात असेल, तर त्या दिवसापुरती सायकल गाडीत घाला.

बोटं बधिर होत असतील तर कोपर थोडे वाकवा, हँडलवरची पकड दर काही मिनिटांनी बदला, आणि सीटचं नाक खाली झुकलं नाही ना ते बघा. सामानाच्या धक्क्यांनी सीटचा बोल्ट सैल होऊन ती हळूहळू झुकते, आणि हे चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी दोन आकडे पुन्हा टिपा: ठरवलेला वेळ आणि प्रत्यक्ष सीटवरचा वेळ. उदाहरणातल्या माणसाला दुसऱ्या दिवशी 2 तास 30 मिनिटांऐवजी 3 तास लागले असते, तर त्याचा हिशेब पाचव्या हिश्शाने चुकला असता. त्याच प्रमाणात चौथा दिवस 3 तास 15 मिनिटांवर जातो, मर्यादेच्या बराच पुढे. अशा वेळी चौथ्या दिवसाचा मुक्काम किंवा सुटकेची जागा त्याच रात्री फोन करून बदलायची असते. तिसरा दिवस छोटा असल्याने तेवढा वेळ हाताशी असतो.

शेवटच्या दिवशी परतीचं वाहन दुपारनंतरचंच घ्या. पाचव्या दिवसाचे 20 किलोमीटर पावणेदोन तासांचे आहेत, पण पंक्चर, पिशव्या सोडणं आणि सायकल गाडीत चढवणं यासाठी निदान दोन तास वेगळे धरा. सायकल आडवी ठेवावी लागली तर साखळीची बाजू वर ठेवा. गिअर बदलणारा मागचा भाग त्याच बाजूला असतो, आणि दाबाखाली तो वाकला की घरी परतल्यावर गिअर नीट पडत नाहीत.